पोळ्याच्या आदल्या दिवशीचे ते चार तास : आमच्याच ऑफिसला एक खुलं पत्र

मा. ब्रँच मॅनेजर साहेब आणि नागपूरच्या एचआर विभागातले सर्व सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

काल शनिवारी, १६ ऑगस्टला, संध्याकाळी साडेपाचला वॉटर कूलरच्या वरच्या बोर्डावर नोटीस लागली. आधी तर सगळ्यांना आनंदच झाला, हे खरं सांगतो. "पोळ्यानिमित्त गुरुवार दि. २१ ऑगस्ट रोजी कार्यालय दुपारी २ वाजता बंद राहील" एवढी पहिली ओळ वाचून गोडाऊनच्या पोरांनी तर तिथंच शिट्टी मारली. मग खालची बारीक अक्षरं वाचली. सदर ४ तासांची भरपाई सर्व कर्मचाऱ्यांनी सोम. २५, मंगळ. २६ ऑगस्ट आणि सोम. १, मंगळ. २ सप्टेंबर या चार दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत थांबून करावी, भरपाई न केल्यास अर्धा दिवस रजा कपात होईल. शिट्टी बंद.

हे पत्र तुम्हाला मेल पण केलं आहे. इथं उघडं यासाठी लिहितो की खत-बियाण्याचं असो, फायनान्सचं असो की जिनिंगचं, आपल्याकडे तालुक्याच्या गावातल्या बऱ्याच ऑफिसात सणाच्या आधी अशीच नोटीस लागते, तेच वाक्य, फक्त तारखा बदलून, आणि सगळीकडे लोक चहाच्या टपरीवर कुरकुरतात आणि गप सही करतात. मी पण मागच्या वेळेस तेच केलं होतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो म्हणजे गैरसमज नको. लवकर सोडायचं बंधन तुमच्यावर कोणत्याच कायद्यानं नाही, तुम्ही सोडता हे चांगलं करता. भरपाई मागणं पण चूक नाही, आम्हाला फुकटचा पगार नको. माझं भांडण फक्त ही भरपाई कशी मोजली, कधी लावली आणि मशीनमध्ये कशी चढणार याच्याशी आहे.

माझ्यासाठी ती गुरुवारची दुपार म्हणजे काय ते सांगतो, कारण नागपूरला बसून पोळा म्हणजे शुक्रवारची सुट्टी एवढंच दिसत असेल. शुक्रवारी पोळा, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी खांदमळणी. आमच्या घरी आता एकच जोडी राहिली. बाबा सत्तरच्या घरात, गुडघा धरतो, नाल्यावर बैल नेऊन धुणं त्यांच्यानं होत नाही. ते माझं काम. धुऊन आणले की गोठ्यासमोर उभे करायचे, कोमट लोणी-हळद घेऊन खांद्यावर, जिथं जू बसून बसून कातडी दगडासारखी झालेली असते तिथं, बोटानं जिरेपर्यंत चोळायची, पळसाच्या पानानं शेकायचं, आणि मग कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे आवतन गुरुवारी संध्याकाळीच द्यावं लागते, शुक्रवारी सकाळी देऊन चालत नाही. नवा कासरा, म्होरकी, मठाठी, बेगड, हे सगळं पण इथूनच तालुक्याच्या बाजारातून न्यायचं असते. म्हणून दोनला सुटलो तर अडीचची एसटी मिळते आणि सव्वातीन-साडेतीनला मी गावात असतो. बाबा कालपासून दोनदा विचारून झाले, "काऊन रे, खांदमळणीले तरी येशीन का यंदा?" येतो म्हटलं. तुमच्या नोटिशीवर भरोसा ठेवूनच म्हटलं.

आता तक्रारी.

पहिली, हिशोबाची. तुम्ही ४ तास लिहिले, दोन ते सहा. सरळ दिसते. पण त्याच नोटिशीत तिसऱ्या ओळीत आहे, "सदर दिवशी जेवणाची सुट्टी राहणार नाही." आपली रोजची वेळ साडेनऊ ते सहा, मधात दीड ते दोन जेवण, म्हणजे काम ८ तास. गुरुवारी साडेनऊ ते दोन सलग बसायचं, डबा बॅगेतच राहणार, म्हणजे काम झालं साडेचार तास. आठातून साडेचार गेले की साडेतीन उरतात. चार नाही. तो अर्धा तास आम्ही जेवण सोडून आधीच भरलेला आहे, तोच पुन्हा संध्याकाळी मागता. अर्ध्या तासासाठी पत्र लिहितो म्हणून हसू नका, आपल्या ऑफिसात आम्ही २३ जण आहोत, आणि गोडाऊनमधून युरियाची एक बॅग कमी निघाली तर तुम्ही आख्खा दिवस स्टॉक मोजायला लावता.

दुसरी, सातची. इथं मी जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त त्रास याचाच आहे. आमच्या साइडच्या गावांना जाणारी शेवटची एसटी सव्वासहाची. २३ पैकी नऊ जण त्याच गाडीचे, सहाला पंच करून अक्षरशः पळत जातो, आणि कंडक्टर पण ओळखीचा म्हणून दोन मिनिटं थांबवतो. सातला सुटलो की चौकातून काळी-पिवळी, ती सीट भरल्याशिवाय हलत नाही, आणि ऑगस्टमध्ये अंधार आणि पाऊस दोन्ही सोबत असतात. फाट्यावर उतरवतो तिथून आमचं गाव तीन किलोमीटर आत, रस्ता तुम्ही पाहिलेला आहे, मागच्या वर्षी डेमो प्लॉटला आले तेव्हा तुमचीच गाडी फसली होती. तुम्ही एक तास मागता पण घरी पोचायला आम्हाला अडीच तास उशीर होतो, आणि भाडं वेगळं.

आता याची दुसरी बाजू पाहा. सकाळची आमची गाडी पावणेनऊला स्टँडवर लागते. ऑफिस पाच मिनिटांवर. नऊच्या आधी आम्ही नऊच्या नऊ जण दारात असतो आणि शटर उघडते साडेनऊला. रोज! पावसाळ्यात समोरच्या झेरॉक्सवाल्याच्या टिनाखाली उभे राहतो, तो बिचारा काही बोलत नाही. म्हणजे रोजचा अर्धा तास आमच्याकडे पडून आहे, तो घ्या ना. साडेतीन तास म्हणजे सात दिवस अर्धा-अर्धा तास. मंगळवार १९, बुधवार २०, शनिवार २३, मग २५, २६, २८ आणि २९. मोजून सात दिवस होतात. नऊला उघडा, सहाला सोडा, कोणाची गाडी चुकत नाही. जे गावातच राहतात त्यांना सकाळी लवकर यावं लागेल हे खरं, त्यांच्याशी मी बोललो, एक-दोघं नाराज आहेत, त्यांनी संध्याकाळी साडेसहापर्यंत थांबावं, त्यांना कोणती गाडी पकडायची आहे.

तिसरी, तारखांची. साहेब, हे चार दिवस कोणी निवडले? सोम-मंगळ फिल्डवाले ऑफिसात असतात म्हणून निवडले असतील, समजू शकतो. पण २६ तारखेला हरतालिका आहे. अकाउंटच्या आमच्या ताई निर्जळ उपास करतात, पाणीसुद्धा नाही, सकाळी नदीची वाळू आणून पिंडी मांडून मग ऑफिसला येतात आणि रात्री जागरण. त्या दिवशी त्यांना दोन ते सात सलग पाच तास कॉम्प्युटरसमोर बसवणार का? आणि १ सप्टेंबरला महालक्ष्म्यांचं जेवण आहे. आपल्याकडे महालक्ष्म्या म्हणजे काय हे मी विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही, सोळा भाज्या, आंबील, पुरण, दुपारपासून पाहुणे. त्या दिवशी निम्म्या बाया तशाही रजा टाकणार. मग रजेच्या दिवशी भरपाई राहिली म्हणून पुन्हा अर्धा दिवस कापणार का, याचं उत्तर नोटिशीत कुठंच नाही. म्हणजे एका सणाला घरी जाऊ देण्यासाठी दुसऱ्या दोन सणांना थांबवायचं, असा हा सौदा झाला.

आणि याच तारखांमध्ये कायद्याची पण एक अडचण आहे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आपल्या २३ जणांच्या ऑफिसला लागू आहे. त्यात कामाची मर्यादा दिवसाचीही आहे आणि आठवड्याची ४८ तासांची. सातपर्यंत थांबवलं तरी दिवसाचे ९ च होतात, जेवण धरून साडेनऊ ते सात हा पसारा पण दिवसाच्या मर्यादेत बसतो, तिथं तुमची काही चूक नाही, मी उगाच आरोप करत नाही. घोटाळा आठवड्यात आहे. आपला आठवडा सहा दिवसांचा, रोज ८, म्हणजे ४८ आधीच काठोकाठ भरलेला. पोळ्याच्या आठवड्यात शुक्रवार सुट्टी आणि गुरुवार अर्धा, तिथं साडेछत्तीसच तास होतात, भरपूर जागा आहे. त्याच्या पुढच्या आठवड्यात बुधवारी २७ ला गणपतीची सुट्टी, तिथं ४० होतात, तिथं पण जागा आहे. पण १ सप्टेंबरचा आठवडा पूर्ण भरलेला, त्यात सोमवारी एक आणि मंगळवारी एक तास टाकला की ५० होतात. ४८ च्या वरचे ते दोन तास कायद्यानं ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पट. नोटिशीत "भरपाई" लिहिल्यानं तो ओव्हरटाइम राहत नाही असं होत नाही. मी वर सांगितलेल्या सात तारखा मुद्दाम या दोन रिकाम्या आठवड्यांतल्याच आहेत, एकात साडेछत्तीसचे अडतीस होतात, दुसऱ्यात चाळीसचे बेचाळीस. कंपनीचा एक रुपया जास्त जात नाही.

चौथी तक्रार मशीनची, आणि ही एचआरच्या मंडळींनी नीट वाचावी कारण ही ब्रँचच्या हातात नाही.

मागच्या वर्षी धनतेरसला, २९ ऑक्टोबरला, आपण चारला सुटलो होतो. दोन तासांची भरपाई आम्ही आधीच्या आठवड्यात दोन दिवस सातपर्यंत थांबून करून टाकली होती, आगाऊ. माझा त्या दिवशीचा पंच माझ्याकडे स्क्रीनशॉटमध्ये आहे, इन ९:२४, आउट ४:०२. सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट रोजचीच, साडेनऊ ते सहा. नियम असा बसवलेला आहे की सात तासांपेक्षा कमी भरले की अर्धा दिवस. झालं, त्यानं HD मारला. भरपाईचे दोन तास कुठं गेले? ते "जादा तास" नावाच्या वेगळ्या रकान्यात जाऊन बसले, तिथं ते आजपण आहेत. त्या रकान्याचा आणि हजेरीचा एकमेकांशी काही संबंधच नाही, एकातून काढून दुसऱ्यात टाकायचं असेल तर माणसानं हातानं करावं लागते, आणि ते कोणी केलं नाही. दुरुस्तीसाठी रेग्युलरायझेशनची रिक्वेस्ट टाकायची मुदत तीन दिवस, त्यात दिवाळीची सुट्टी लागली, आम्ही परत आलो तेव्हा पोर्टल म्हणते मुदत संपली. मेल केला, उत्तर आलं की पेरोल लॉक झाला. अकरा जणांची अर्धी-अर्धी सीएल गेली. म्हणजे दोन तास लवकर गेलो, दोन तास भरून दिले आणि वरून चार तासांची रजा पण दिली. वर्षाला आठ सीएल मिळतात त्यात अर्धी म्हणजे पोराला ताप आला तेव्हा समजते.

यावेळेस पण तेच होणार आहे, मी आत्ताच लिहून ठेवतो. गुरुवारी दोनला पंच केला की साडेचार तास, म्हणजे HD. उपाय एचआरकडे दहा मिनिटांचा आहे. २१ तारखेसाठी साडेनऊ ते दोन अशी एका दिवसाची वेगळी शिफ्ट बनवायची आणि बुधवार संध्याकाळच्या आत ती आमच्या सगळ्यांच्या नावावर चढवायची. भरपाईच्या सात दिवसांसाठी नऊ ते सहाची शिफ्ट तशीच, आणि जे साडेसहापर्यंत थांबतील त्यांची साडेनऊ ते साडेसहा. नंतर दुरुस्त करू म्हणाल तर नंतर कधी येत नाही. आणि सोबतच्यांना पण सांगतो, शुक्रवारी पोळ्याच्या गडबडीत का होईना, सकाळी मोबाइल ॲप उघडून गुरुवारसमोर P दिसते की HD ते पाहून घ्या, HD दिसलं तर त्याच दिवशी रिक्वेस्ट टाका, स्क्रीनशॉट ठेवा, सोमवारची वाट पाहू नका.

पाचवी थोडक्यात, कारण यात फार समजावण्यासारखं नाही. गोडाऊनला जी सहा पोरं रोजीवर आहेत त्यांना गुरुवारी अर्धी रोजी मिळणार असं सुपरवायझरनं सांगितलं आहे. आणि नोटिशीत तर लिहिलं आहे "सर्व कर्मचारी". मग त्यांनी चार दिवस एक-एक तास थांबायचं ते कशाच्या बदल्यात? त्यांची दुपार तर तुम्ही आधीच कापून घेतली. पूर्ण रोजी देऊन भरपाई घ्या, नाही तर अर्धी द्या आणि भरपाई घेऊ नका. दोन्ही बाजूंनी घेऊ नका एवढंच म्हणणं. ती पोरं स्वतः बोलणार नाहीत, त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर यायचं आहे.

काही लोक म्हणतील, आणि आमच्यातले एक सिनियर कालच म्हणाले, "कायले बोलतं बापा, पुढच्या वर्षी दोनले पण नाही सोडणार." ही भीती मलाही आहे, म्हणून खोटं कशाला बोलू. पण सोडलं नाही तर निदान बाबांना आधीच सांगता येईल की शेजारच्या काकांना बैल धुवायला सांगा. आत्ता होते काय, की सुटतो पण, भरतो पण, कापून पण जाते, आणि उपकार पण आमच्याच डोक्यावर.

तर मागण्या अशा आहेत. भरपाई साडेतीन तासांची धरा. सातपर्यंत थांबवणं रद्द करा आणि १९, २०, २३, २५, २६, २८, २९ ऑगस्टला सकाळी नऊला ऑफिस उघडा, ज्यांना सकाळी जमत नाही त्यांना त्याच दिवशी साडेसहापर्यंत थांबू द्या. १ आणि २ सप्टेंबर यादीतून काढा, नाही काढले तर त्या दोन तासांचा दुप्पट दर लेखी द्या. एखाद्या दिवशी रजा असेल तर तेवढा अर्धा तास नंतर भरून घ्या, त्यासाठी अर्धा दिवस कापू नका. २१ ची शिफ्ट बुधवारपर्यंत सिस्टिममध्ये बदला आणि बदलली असा एक ओळीचा मेल सगळ्यांना टाका. रोजीवाल्या पोरांचं काय ते नोटिशीत लिहा. धनतेरसच्या अकरा अर्ध्या सीएल परत चढवा, पंचचे सगळे कागद मी जमा करून ठेवले आहेत, मागाल तेव्हा देतो.

आणि एक पुढच्या वर्षासाठी. याच कायद्यात वर्षाला आठ सणाच्या भरपगारी सुट्ट्या आहेत, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या आणि बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी मिळून, वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. आपल्याकडे ती चारची यादी नागपूरहून छापून येते. डिसेंबरमध्ये एकदा अर्धा तास आमच्यासोबत बसा. त्याच वेळेस कोणत्या सणाच्या आदल्या दिवशी लवकर सोडायचं आणि त्याचे तास कोणत्या आठवड्यात भरायचे हे पण कॅलेंडर समोर ठेवून लिहून टाकू, म्हणजे पाच दिवस आधी बोर्डावर नोटीस लावायची वेळ तुमच्यावर पण येणार नाही.

उद्या सोमवार आहे. उद्याच्या दिवसात तुम्ही नागपूरला एक फोन करून हे ठरवू शकता. मंगळवारी पावणेनऊच्या गाडीनं आम्ही येतोच आहोत. शटरची किल्ली वॉचमन काकांकडे असते, त्यांना फक्त नऊची वेळ सांगून ठेवा.

आपला,
बिलिंगच्या टेबलावरचा एक कर्मचारी
१७ ऑगस्ट २०२५